व्याकरण बदलूनही न जाणारी संदिग्धता

अल्गोल 60 या प्रोग्रामिंग भाषेच्या काळात व्याकरणातली संदिग्धता, म्हणजे एकाच मजकुराची दोन प्रकारे फोड होणं, हा लिहिणाऱ्याचा ढिसाळपणा असं मानणं सोपं होतं. लोंबकळणारा `else` कोणत्या `if` चा, हा घोळ नियम नीट मांडले की सुटतो. पण रोहित पारिख यांनी 1961 मध्ये एमआयटीच्या एका अहवालात दाखवलं, की काही कॉन्टेक्स्ट-फ्री भाषांना असंदिग्ध व्याकरण मिळूच शकत नाही. ज्याला आज पारिखचं प्रमेय म्हणतात, तेही याच अहवालातलं. त्यांच्या उदाहरणात a आणि b चे आलटून पालटून चार गट होते: पहिला-तिसरा सारखा, नाहीतर दुसरा-चौथा. पाठ्यपुस्तकांत आज त्याचा सुटसुटीत भाऊ भेटतो: aⁱbʲcᵏ, जिथे i = j किंवा j = k.

```
S → XC | AY
X → aXb | ε
C → cC | ε
A → aA | ε
Y → bYc | ε
```

`aabbc` ला एकच पार्स ट्री. `aabbcc` ला मात्र दोन: एकात b ची जोडी a शी जुळते, दुसऱ्यात c शी. मग दुसऱ्या शाखेतून तिन्ही सारखे असलेले शब्द वगळले तर? उरलेला भाग कॉन्टेक्स्ट-फ्रीच राहत नाही, म्हणून ती पळवाट बंद. पण तेवढ्यानं सिद्धता होत नाही. एखादं अगदी वेगळ्या धाटणीचं व्याकरण निघेल, ही शंका उरतेच.

ती शंका मोडण्याचं सोपं हत्यार विल्यम ऑग्डेन यांनी 1968 मध्ये दिलं, आणि ते याच कामासाठी घडवलेलं होतं. साधं पंपिंग लेमा सांगतं, की पुरेशा लांब शब्दाचे काही तुकडे पुन्हा पुन्हा लिहून फुगवले तरी तो भाषेतच राहतो; पण कुठला तुकडा फुगेल हे ते आपल्याला ठरवू देत नाही. ऑग्डेनच्या लेमात आपण अक्षरांवर खुणा करतो आणि फुगणाऱ्या भागात खूण असलेलं अक्षर यावंच लागतं.

भाषेचं कोणतंही व्याकरण घ्या, लेमाचा स्थिरांक p (किमान 3) धरा. aᵖbᵖcᵖ⁺ᵖ! मध्ये सगळ्या a वर खुणा करा. c आधीच p! नं पुढे आहेत, त्यामुळे शब्द भाषेत ठेवायचा तर a फुगताना तितकेच b फुगायला हवेत. असं फुगवत aᵖ⁺ᵖ!bᵖ⁺ᵖ!cᵖ⁺ᵖ! पर्यंत जाता येतं. या ट्रीमध्ये एक उपवृक्ष फक्त a आणि b झाकतो, आणि त्यात निदान p! b असतात. आता aᵖ⁺ᵖ!bᵖcᵖ पासून, c वर खुणा करून, त्याच शब्दाला पोहोचा: इथला उपवृक्ष फक्त b आणि c झाकतो, त्यातही निदान p! b.

दोन्ही ट्री एकच असतील का? एका उपवृक्षात a आहे पण c नाही, दुसऱ्यात c आहे पण a नाही. म्हणून एक दुसऱ्याच्या पोटात बसत नाही. ते वेगळे धरले तर 2·p! b लागतील, आणि शब्दात p + p! च आहेत. म्हणजे ट्री दोन. व्याकरण कोणतंही चालेल असं धरलं होतं, त्यामुळे सुटका नाही.

दिलेल्या व्याकरणाची भाषा अशी मूळचीच संदिग्ध आहे का, हे दरवेळी ठरवणारा अल्गोरिदमही नाही, हे त्याच दशकात सिद्ध झालं. फिलिप फ्लाजोले यांनी 1987 मध्ये वेगळीच वाट धरली: असंदिग्ध भाषेत n लांबीचे शब्द मोजणारी जनक फलने बैजिक, म्हणजे एखादं बहुपदी समीकरण पाळणारी असतात, त्यामुळे ती तशी नाहीत असं दाखवलं की काम झालं.