आधी ओळ दाखवा, मग निकाल: अवतरणाच्या अटीची पार्श्वभूमी

एखादा मजकूर भाषा-मॉडेलकडून तपासून घेताना आता एक अट जवळजवळ सर्रास घातली जाते. प्रत्येक निकषाचा निकाल जेसन या यंत्राला वाचता येणाऱ्या साच्यात द्यायचा आणि त्या निकालाला आधार देणारे शब्द मूळ मजकुरातून जसेच्या तसे उचलून शेजारी ठेवायचे. स्वतःच्या शब्दांत सांगितलेला सारांश चालत नाही. ही अट अलीकडची वाटते, पण तिची मुळं मॉडेलं परीक्षक होण्याच्या बरीच आधीची आहेत.

२००७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या झैदान, आइसनर आणि पियाट्को यांनी चित्रपट-परीक्षणांवर एक प्रयोग केला. परीक्षण चांगलं की वाईट एवढा शिक्का मारणाऱ्यांना त्यांनी आणखी एक काम दिलं: ज्या शब्दांवरून तुम्ही हे ठरवलंत तेवढे शब्द अधोरेखित करा. पेपर तपासणारे मास्तर गुण देताना ओळीखाली रेघ ओढतात, तसंच. त्या रेघांच्या मदतीने शिकवलेलं यंत्र नुसत्या शिक्क्यांवर शिकवलेल्यापेक्षा बरं निघालं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या रेघा माणसाच्या होत्या आणि त्या शिकवण्यासाठी होत्या. यंत्राने स्वतः पुरावा द्यावा ही अपेक्षा अजून आली नव्हती.

ती ठळकपणे दिसली २०१८ च्या 'फीव्हर' या माहितीसंचात. त्यात विकिपीडियावरून तयार केलेली १,८५,४४५ विधानं होती. प्रत्येकाबद्दल 'आधार आहे', 'खोडून निघतं' किंवा 'पुरेशी माहिती नाही' यांपैकी एक ठरवायचं. पहिल्या दोन उत्तरांसाठी विकिपीडियातली नेमकी वाक्यंही द्यायची, आणि वाक्यं चुकली तर बरोबर उत्तरालाही गुण नाहीत. रचनाकारांनी स्वतः बांधलेली प्रणाली पुरावा न बघता मोजली तर ५०.९१ टक्के बरोबर होती. पुराव्यासकट मोजल्यावर ती ३१.८७ वर आली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी जोडी हीच. मधले एकोणीस टक्के म्हणजे उत्तर जुळलं, पण आधार हाती नव्हता. शाळेत याला आपण शेजाऱ्याचं बघून लिहिणं म्हणायचो.

पुढची पायरी २०२२ ची, डीपमाइंडच्या 'गोफरसाइट'ची. हे मॉडेल उत्तरासोबत अवतरण देई आणि अवतरण लिहिताना मूळ दस्तऐवजात नसलेले शब्द त्याला उमटवताच येणार नाहीत अशी बांधणी केलेली होती. म्हणजे बनावट अवतरणाचा प्रश्न मुळातच मिटला. तरीही रेड बुल प्यायल्याने काय मिळतं या प्रश्नावर त्याने 'पंख' असं उत्तर दिलं, तेही जाहिरातीतल्या घोषवाक्याचा आधार दाखवून. अवतरण अक्षरशः खरं, उत्तर हास्यास्पद. ही उणीव संशोधकांनीच मोकळेपणाने मांडली होती.

मग २०२३ मध्ये मॉडेलांना परीक्षकाच्या खुर्चीत बसवण्याची लाट आली, आणि पाठोपाठ परीक्षकांच्या खोडीही उघड झाल्या: आधी ठेवलेल्या उत्तराकडे झुकणं, लांबलचक उत्तराला जास्त मान देणं. त्याच वर्षी टर्पिन आणि सहकाऱ्यांनी एक अस्वस्थ करणारा प्रयोग दाखवला. नमुन्याच्या सगळ्या प्रश्नांत बरोबर पर्याय 'अ'वर आणून ठेवला, की मॉडेल पुढेही 'अ'कडे ओढलं जाई. कारणमीमांसा मात्र भारदस्त देई आणि तीत या ओढीचा उल्लेखही नसे. म्हणजे मॉडेलने लिहिलेलं 'कारण' तपासता येत नाही. मजकुरातून उचललेली ओळ तपासता येते. ती तिथे आहे किंवा नाही. लोक स्पष्टीकरणाकडून अवतरणाकडे वळले याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

जेसनने या तपासणीला यंत्राला वाचता येईल असा साचा दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये ओपनएआयने अशी सोय आणली की वापरणाऱ्याने ठरवून दिलेल्या रकान्यांच्या आराखड्याबरहुकूमच उत्तर मिळेल, तेव्हा कंस चुकल्यामुळे गाडी अडण्याचे दिवस बरेचसे संपले. पण आराखडा फक्त आकाराची हमी देतो, आतल्या मजकुराची नाही. शिवाय रकान्यांचा क्रमही महत्त्वाचा ठरला. मॉडेल एकामागून एक शब्द लिहीत जातं. निकाल आधी लिहून टाकला, तर पुढचं अवतरण त्याच्या समर्थनार्थ शोधलं जातं. म्हणून `quote` म्हणजे अवतरण वर, `pass` म्हणजे निकाल खाली.

आता मराठीत हे कसं दिसतं ते पाहू. समजा, ग्राहकाला पाठवलेलं हे उत्तर तपासायचं आहे: 'आपल्या दुसऱ्या पार्सलबद्दल दिलगीर आहोत. रक्कम सात दिवसांत परत मिळेल असे आत्ताच सांगता येणार नाही.' निकष असा की परताव्याची मुदत सांगितली आहे का. परीक्षक मॉडेलकडून असा निकाल येऊ शकतो:

```json
{
  "criterion": "refund_deadline",
  "quote": "रक्कम सात दिवसांत परत मिळेल",
  "pass": true
}
```

अवतरण मूळ मजकुरात जसंच्या तसं सापडतं, तपासणारा कोड खूश होतो, आणि निकाल साफ उलटा आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला येतो. शेपूट कापली की अर्थ पालटतो. यावर साधा उपाय फीव्हरमध्येच होता: पुराव्याचं एकक वाक्य धरायचं. सापडलेलं अवतरण कोडने पूर्णविरामापर्यंत वाढवायचं आणि तेवढंच अख्खं वाक्य दाखवून निकष पुन्हा विचारायचा. उत्तर बदललं, तर पहिला निकाल बाद.

उलटी फसगतही होते. दिलगिरीच्या निकषासाठी मॉडेलने पहिलं वाक्य अचूक उचललं, तरी कोड म्हणतो, 'सापडलं नाही.' गुन्हेगार 'दुसऱ्या'मधला अर्धा र. तो 'ऱ' आणि हलन्त असा लिहिता येतो, किंवा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह असाही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, या दोघांना एक करत नाही. तुलनेआधी दोन्ही बाजूंना एक ओळ आपणच जोडावी लागते:

```python
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

ही ओळ नसली, की 'दुसऱ्या', 'करणाऱ्या', 'शेतकऱ्यांना' असे शब्द असलेली अवतरणं खोटी ठरत राहतात आणि दोष मॉडेलच्या माथी जातो.

राहता राहिला तो निकष, जिथे दाखवायला ओळच नसते: 'उत्तरात संपर्क क्रमांक दिलेला नाही' अशा प्रकारचा. फीव्हरमध्ये 'पुरेशी माहिती नाही' या उत्तराला पुरावा मागितलाच जात नसे. आजच्या आराखड्यांत मात्र `quote` हा रकाना सक्तीने मजकुराचा ठेवला, तर मॉडेलला तिथे काहीतरी भरावंच लागतं, आणि ते दुसऱ्याच निकषाची एखादी ओळ आणून चिकटवतं. त्या रकान्यात `null`, म्हणजे 'काही नाही', चालेल असं आराखड्यातच लिहून ठेवावं लागतं. अशा निकालांसाठी शोधण्याचं काम मग उलट्या दिशेने करावं लागतं: संपर्क क्रमांकासारखे सलग दहा अंक मजकुरात कुठे आहेत का, हे कोडनेच पाहायचं, देवनागरी आकडे धरून.