एकच खाच, दोन व्होल्टेज: डीडीआर३ आणि डीडीआर३एल रॅमच्या गुंत्यामागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात शाहूपुरी-राजारामपुरीतल्या दुकानांत सेकंडहँड लॅपटॉपला आजही चांगली मागणी आहे. त्यातले बरेचसे कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले, २०१३ ते २०१७ या काळातले असतात. उद्यमनगरात फाउंड्रीची ड्रॉइंग पाहायला, हिशेब ठेवायला किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टला ते पुरतात. फक्त ४ जीबी रॅम कमी पडते आणि आत एक स्लॉट रिकामा असतो. नेमक्या याच वर्षांतल्या मशीनमध्ये चुकीची रॅम बसते, क्लिपही लागतात, पण मशीन चालू होत नाही. हे का होतं, त्याचं उत्तर २०१०च्या एका निर्णयात आहे.

त्याआधीच्या पिढ्यांचा हिशेब सरळ होता. डीडीआर आणि डीडीआर२ या दोन्हींच्या लॅपटॉप रॅमला २०० पिना होत्या. व्होल्टेज मात्र वेगळं होतं, म्हणून स्टिकच्या पिनांमधली खाच किंचित सरकवलेली होती आणि चुकीची स्टिक पूर्ण आत जात नसे. २००७ साली डीडीआर३ आली तेव्हा पिना २०४ झाल्या, खाच आणखी वेगळी झाली आणि व्होल्टेज १.५ ठरलं. पिढी बदलली की खाच बदलते, हा नियम दुकानदारांच्या हातात बसला. बसली तर चालणार, नाही बसली तर नाही, एवढं पाहिलं की काम होत असे.

२०१० साली मानक ठरवणाऱ्या संस्थेने डीडीआर३ची कमी व्होल्टेजची आवृत्ती जाहीर केली. तिचं व्होल्टेज १.३५, आणि नावापुढे फक्त एक ‘एल’. विजेचा खप साधारण व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १.३५ला १.५ने भागून वर्ग केला तर ०.८१ येतो, म्हणजे तेवढ्याच कामाला चिपचा खप जवळपास एक पंचमांशाने कमी. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला ही मोठी बचत होती, त्यामुळे आवृत्तीच्या गरजेबद्दल कुणाचा वाद नव्हता. वाद आहे तो खाचेबद्दल. या वेळी खाच हलवली नाही. पिना त्याच २०४, लांबी तीच, स्लॉट तोच.

त्यामागचा विचार तांत्रिकदृष्ट्या पक्का होता. डीडीआर३एलची चिप १.३५वर चालतेच, शिवाय १.५वरही चालावी असं मानकातच लिहिलेलं आहे. म्हणजे नवी रॅम जुन्या लॅपटॉपमध्ये बिनधास्त घालता येते. खाच बदलली असती तर ही सोय गेली असती, आणि कारखान्यांना दोन वेगळे साठे ठेवावे लागले असते. अडचण उलट दिशेने आहे. साध्या डीडीआर३ला चालायला किमान १.४२५ व्होल्ट लागतात. डीडीआर३एलचा पट्टा १.२८३ ते १.४५ एवढा आहे. दोन्ही पट्टे एकमेकांना जेमतेम २५ मिलिव्होल्टमध्ये भेटतात, आणि १.३५ देणारा बोर्ड त्या जागेच्या बराच खाली असतो. खाच एका दिशेने वाट देते आणि दुसऱ्या दिशेने अडवते, असं करता येत नाही. दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या गेल्या आणि राखणीचं काम स्टिकरवरच्या एका अक्षरावर आलं. निर्णय चूक होता असं म्हणवत नाही. पण एवढी मोठी जबाबदारी इतक्या बारीक छपाईवर टाकायला नको होती. वेगळ्या रंगाची एक पट्टी सक्तीची केली असती तरी पुढचा बराच मनस्ताप टळला असता.

पहिली दोन-तीन वर्षं याचा त्रास जाणवला नाही, कारण तेव्हाचे बरेच बोर्ड दोन्ही व्होल्टेज देऊ शकत होते. प्रत्येक स्टिकवर एक छोटी माहिती-चिप असते. तिला वेगळा पुरवठा मिळतो, त्यामुळे मुख्य व्होल्टेज ठरण्याआधीच बायोस ती वाचू शकतो. स्टिक १.३५वर चालते की नाही हे त्यात नोंदलेलं असतं. दोन स्लॉटपैकी एकात साधी आणि दुसऱ्यात एल असेल तर असा बोर्ड दोघींना १.५ देतो आणि मशीन चालतं.

२०१३मध्ये इंटेलच्या कोअर प्रोसेसरची चौथी पिढी आली आणि लॅपटॉपसाठीच्या तिच्या अधिकृत यादीतून साधी डीडीआर३ गेली. बहुतेक बोर्ड बनवणाऱ्यांनी पुरवठा १.३५वर कायम करून टाकला. बायोसने माहिती-चिप वाचली तरी त्याच्याकडे देण्यासारखं दुसरं व्होल्टेजच उरलं नाही. इथून पुढे साधी स्टिक घातली की काळा स्क्रीन, पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय किंवा बीप वाजताहेत, अशी लक्षणं दिसू लागली. क्वचित एखादी स्टिक कमी व्होल्टेजवरही उठते. ते जास्त वाईट, कारण मग मशीन गरम झाल्यावर मधेच निळा स्क्रीन येतो आणि दोष विंडोजवर किंवा हार्ड डिस्कवर ढकलला जातो.

गुंत्यात भर पडली ती ‘जनरेशन’ या शब्दाने. दुकानात गिऱ्हाईक ‘सिक्स्थ जनरेशन आहे’ म्हणतो तेव्हा तो प्रोसेसरची पिढी सांगतो, रॅमची नव्हे. सहाव्या आणि सातव्या पिढीचे लॅपटॉप प्रोसेसर डीडीआर३एल आणि डीडीआर४ दोन्ही घेतात. कोणता स्लॉट द्यायचा हे बोर्ड बनवणाऱ्याने ठरवलं. त्यामुळे `i5-6200U` असलेल्या दोन लॅपटॉपपैकी एकात डीडीआर३एल आणि दुसऱ्यात डीडीआर४ सापडते. प्रोसेसरच्या नावावरून रॅम मागणं या दोन पिढ्यांत चालतच नाही. आधी आतली स्टिक पाहावी. मशीन उघडायचं नसेल तर पॉवरशेलमध्ये हे चालवावं:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
 Select DeviceLocator, Capacity, Speed, SMBIOSMemoryType, PartNumber
```

`SMBIOSMemoryType`समोर 24 आलं तर डीडीआर३ घराणं, 26 आलं तर डीडीआर४. मात्र 24मध्ये एल आणि साधी यांचा भेद दिसत नाही. त्यासाठी `PartNumber` शोधून पाहावा लागतो, किंवा स्टिकर. स्टिकरवर `PC3L-12800S` असेल तर एल, नुसतं `PC3-12800S` असेल तर साधी. यातला १२८०० हा आकडा वेगाचा वाटतो, पण तो सेकंदाला किती मेगाबाइट जातात ते सांगतो. १६०० हा वेग गुणिले ८ बाइट, म्हणून १२८००. तसंच १०६०० म्हणजे १३३३ची स्टिक. डीडीआर४च्या स्टिकरवर पुढे थेट वेगच लिहू लागले, जसं `PC4-2400T`. म्हणून दोन पिढ्यांचे आकडे शेजारी ठेवून मोठा कोणता हे पाहण्यात अर्थ नाही.

समजा असाच एक `i5-6200U`चा लॅपटॉप आहे. आत ४ जीबीची `PC3L-12800S` आणि शेजारी रिकामा स्लॉट. घरातल्या २०११च्या बंद लॅपटॉपमधली ४ जीबीची `PC3-10600S` त्यात घातली तर ती नीट बसेल, पण मशीन बहुधा उठणार नाही. ती काढली की पुन्हा पहिल्यासारखं चालू होतं, यावरून स्लॉट ठीक आहे हे कळतं. दुकानातून डीडीआर४ आणली असेल तर ती आत जाणारच नाही. तिला २६० पिना आहेत आणि खाच दुसरीकडे आहे. इथे जोर लावला तर स्लॉटच्या पिना वाकतात. योग्य खरेदी म्हणजे `PC3L-12800S`, ४ किंवा ८ जीबी.

४ घेतली तर दोन्ही स्टिक बरोबरीने दोन वाटांनी चालतात आणि एकूण वेग सेकंदाला १२.८वरून २५.६ जीबीपर्यंत दुप्पट होतो. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे ड्रॉइंग फिरवताना हा फरक जाणवतो. ८ घेतली तर एकूण १२ जीबी होतात. त्यातले ८ जीबी दोन वाटांनी आणि उरलेले ४ एका वाटेने चालतात. ‘क्षमता सारखी नसेल तर चालत नाही’ हे दुकानात ऐकू येणारं मत म्हणूनच बरोबर नाही. रॅम भरून डिस्कवर जाण्यापेक्षा वरचे ४ जीबी एका वाटेने मिळणं केव्हाही चांगलं. १३३३ची एल स्टिक घातली तर दोघीही १३३३वर उतरतात, बाकी बिघडत काही नाही.

क्षमतेत खरी अडचण चिपच्या घनतेची आहे. ८ जीबीची एल स्टिक दोन तऱ्हेने बनते. `2Rx8` लिहिलेल्या स्टिकवर ४ गिगाबिटच्या १६ चिप असतात, `1Rx8`वर ८ गिगाबिटच्या ८. दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या प्रोसेसरना ८ गिगाबिटची चिप ओळखता येत नाही. त्यामुळे २०१३च्या लॅपटॉपसाठी `2Rx8` लिहिलेली, १६ चिपची स्टिकच मागावी. सहाव्या पिढीच्या मशीनला कोणतीही चालते.

बसवताना शिफ्ट धरून शटडाउन करावं, म्हणजे मशीन अर्धवट झोपत नाही. चार्जर काढावा, बॅटरीचा जोड सोडवावा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावं. इथल्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर बसतो. तो पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून कण झटकावेत. स्टिक साधारण ३० अंशांत तिरपी आत ढकलावी. सोनेरी पट्ट्या जवळपास दिसेनाशा झाल्यावरच ती खाली दाबावी. बंद पडलेल्या मशीनमध्ये बऱ्याचदा स्टिक एवढी अर्धा-एक मिलिमीटर बाहेर राहिलेली असते. मशीन उठलं की टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर १६०० दिसायला हवं. `CPU-Z`मध्ये ८००च्या आसपास दिसेल आणि तेही बरोबर आहे. डीडीआर प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते, आणि ते साधन ठोके मोजतं. नंतर `mdsched.exe` चालवून एक फेरी पूर्ण होऊ द्यावी.

डीडीआर४मध्ये सगळ्यांचं व्होल्टेज १.२ राहिलं आणि हा घोळ संपला. २०२२च्या सुमारास बाराव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये पुन्हा तसाच प्रसंग आला. तिथेही एकाच प्रोसेसरला डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालतात आणि बोर्डवर मात्र एकच असते. पण या वेळी पिना २६० आणि २६२, खाच वेगळी, आणि डीडीआर५चा व्होल्टेज सांभाळणारा भाग स्टिकवरच बसवलेला. चुकीची स्टिक आणली तर ती बसत नाही आणि दुकानात बदलून मिळते. २०१३ ते २०१७च्या मशीनसाठी मात्र स्टिकरवरचा ‘एल’ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि स्टिकर फाटलेला असेल तर चिपवरचा नंबर शोधून पाहावा.