अर्जाचा ईमेल कधी पाठवावा: इनबॉक्समधल्या रांगेचे गणित

नोकरीचा किंवा संशोधनातील जागेचा अर्ज ईमेलने पाठवताना "मंगळवारी सकाळी दहा वाजता पाठवा" हा सल्ला हमखास कानावर येतो. या सल्ल्याचे मूळ बहुतांशी जाहिरातींच्या ईमेलमध्ये आहे. एकाच वेळी हजारो ग्राहकांना पत्र पाठवणाऱ्या कंपन्या कोणत्या वारी किती जणांनी ते उघडले याची मोजदाद ठेवतात आणि त्यावरून वारांची क्रमवारी लावतात. ही मोजदाद करण्यासाठी पत्रात डोळ्यांना न दिसणारे एक छोटे चित्र ठेवलेले असते. ते चित्र सर्व्हरवरून मागवले गेले की पत्र उघडले गेले, असे धरले जाते. मात्र २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये अशी चित्रे आपोआप आधीच उतरवून घेण्याची सोय दिली. तेव्हापासून न वाचलेली पत्रेही उघडलेली म्हणून मोजली जाऊ लागली. माझा मुख्य आक्षेप मात्र याहून साधा आहे. सवलतीचे पत्र चाळणारा ग्राहक आणि अर्ज वाचून निर्णय घेणारी व्यक्ती यांच्या वाचण्यात काहीही साम्य नाही, त्यामुळे पहिल्याच्या सवयीवरून दुसऱ्यासाठी वार ठरवणे मुळातच चुकीचे आहे.

याहून उपयोगी माहिती माणसे एकमेकांना लिहितात त्या पत्रव्यवहाराच्या अभ्यासातून मिळते. २०१५ मध्ये फर्शाद कूटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहू मेलच्या सुमारे वीस लाख वापरकर्त्यांच्या पत्रव्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पत्रांना उत्तर आले, त्यांपैकी निम्म्यांना ते ४७ मिनिटांच्या आत आले होते आणि सुमारे नव्वद टक्क्यांना एका दिवसाच्या आत. येणाऱ्या पत्रांचा भार वाढला की लोक त्यांतल्या कमी पत्रांना उत्तर देतात आणि दिलेली उत्तरेही आखूड होतात, असेही त्यात दिसले. हे निष्कर्ष वापरताना एक मर्यादा विसरू नये. हा अभ्यास आधीपासून एकमेकांशी पत्रव्यवहार असलेल्या जोड्यांचा होता, तर अर्जदार हा बहुधा अनोळखी असतो. त्यामुळे ४७ मिनिटे हा आकडा अर्जाला लावता येत नाही. भार वाढला की प्रत्येक पत्राच्या वाट्याला येणारे लक्ष कमी होते, एवढी गोष्ट मात्र निश्चित घेता येते.

म्हणून कोणता वार चांगला, या प्रश्नाऐवजी असे विचारावे: वाचणारी व्यक्ती मेल पाहायला बसेल तेव्हा तिच्या आणि आपल्या अर्जाच्या मध्ये किती पत्रे असतील? हा रांगेचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मोजता येते.

एक उदाहरण घेऊ. एका प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे संशोधन साहाय्यकाच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे आणि जाहिरातीत त्यांचाच ईमेल पत्ता दिलेला आहे. आकडे मी हिशेबापुरते गृहीत धरतो. कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ९ त्यांना तासाला ४ मेल येतात, ९ ते संध्याकाळी ६ तासाला ६, त्यानंतर रात्री १० पर्यंत तासाला २ आणि रात्रभर तासाला १. शनिवारी व रविवारी दिवसरात्र तासाला १ मेल येतो. त्या रोज सकाळी साडेनऊला बसून साधारण ३० मेल लक्षपूर्वक वाचतात. उरलेल्या मेलवरून त्या दुपारी तीनला ओझरती नजर फिरवतात आणि तेव्हा बहुतेकांचा फक्त विषय वाचला जातो. इनबॉक्समध्ये नवा मेल सर्वांत वर दिसतो आणि त्या वरूनच वाचायला सुरुवात करतात.

अर्ज शुक्रवारी दुपारी चारला गेला, असे समजा. त्या दिवशीची ओझरती नजर फिरून झालेली आहे. सहा वाजेपर्यंत अर्जावर १२ मेल येऊन बसतात, रात्री दहापर्यंत आणखी ८, मध्यरात्रीपर्यंत २, शनिवार-रविवार मिळून ४८, सोमवारी पहाटे सातपर्यंत ७ आणि साडेनऊपर्यंत ११. एकूण ८८ मेल अर्जाच्या वर साचतात. सोमवारच्या बैठकीत वाचून होणार ३०. म्हणजे तेव्हा अर्जाची पाळी येत नाही आणि तो दुपारच्या ओझरत्या नजरेच्या वाट्याला जातो. तोच अर्ज सोमवारी सकाळी साडेआठला पोहोचला, तर त्याच्यावर फक्त ५ मेल असतात.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सोमवारी इनबॉक्स तुंबलेला असतो, म्हणून सोमवार टाळावा, असे सांगितले जाते. वरून वाचणाऱ्याच्या बाबतीत तो ढीग आपल्या अर्जाच्या खाली असतो, त्यामुळे त्याची अडचण होत नाही. रविवारी रात्री नऊला पाठवलेल्या अर्जावरही साडेनऊपर्यंत २१ च मेल येतात आणि तो तीसच्या आत राहतो. उलट सोमवारी दुपारी चारला पाठवलेल्या अर्जावर मंगळवारी सकाळपर्यंत ४० मेल चढलेले असतात. या उदाहरणात वाराने फारसा फरक पडत नाही. बैठकीपूर्वीचा तास गाठणे महत्त्वाचे ठरते.

आता यातली एकच गोष्ट बदलू. समजा, प्रमुखांना जुने मेल आधी हातावेगळे करण्याची सवय आहे आणि त्या खालून वर वाचतात. शुक्रवारी तीनपर्यंतचे मेल त्यांच्या नजरेखालून गेलेले आहेत. मग चारला आलेल्या अर्जाच्या आधी फक्त ६ मेल उरतात आणि तो सोमवारी पहिल्या काही मिनिटांत वाचला जातो. सोमवारी साडेआठला आलेल्या अर्जाच्या आधी मात्र ८९ मेल असतात. वेळा त्याच, मेलही तेवढेच. केवळ वाचण्याचा क्रम उलटला आणि सर्वांत वाईट वेळ सर्वांत चांगली झाली.

रांगांच्या गणितात हा परिणाम जुना आहे. ब्रिटिश गणिती जॉन किंगमन यांनी १९६२ मध्ये दाखवले की, ग्राहकाला लागणारा वेळ आधी न पाहता क्रम ठरवला जात असेल, तर सरासरी प्रतीक्षा क्रमानुसार बदलत नाही. बदलते ती प्रतीक्षेतली तफावत, आणि "आधी येईल त्याला आधी" या क्रमात ती सर्वांत कमी असते. नंतर आलेल्याला आधी घेणाऱ्या रांगेत काहींचे काम लगेच होते, तर काही जण खूप काळ तळाशी पडून राहतात. वरून वाचला जाणारा इनबॉक्स ही अशीच रांग आहे, म्हणून तिथे पाठवण्याची वेळ इतकी परिणाम करते.

वाचणारी व्यक्ती कोणत्या क्रमाने वाचते हे बाहेरून कसे ओळखावे? खात्रीचा मार्ग नाही, पण खुणा असतात. पत्ता एखाद्या व्यक्तीच्या नावाचा असेल, तर वरून वाचले जाण्याची शक्यता अधिक. पत्ता केवळ भरतीसाठी उघडलेला असेल आणि अर्ज पाठवताच क्रमांक असलेली आपोआप पोच येत असेल, तर अर्जांची नोंद होते आणि ते बहुधा आलेल्या क्रमाने घेतले जातात. अंतिम मुदतीनंतर सर्व अर्जांची एकत्रित छाननी होईल, असे जाहिरातीत असेल, तर तास आणि वार या दोन्हींचा विचार सोडून द्यावा. तिथे अर्ज एका फोल्डरमध्ये जमा होतात आणि कदाचित आडनावाप्रमाणे लावून वाचले जातात. मुदतीच्या आत निर्दोष अर्ज पोहोचणे एवढेच तिथे मोजले जाते.

"अर्ज येतील तसे पाहिले जातील" असे लिहिलेले असते, तिथे चांगल्या वाराची वाट पाहणे महागात पडते. जाहिरात गुरुवारी सकाळी आली आणि सुरुवातीला दिवसाला २५ अर्ज येत असतील, तर केवळ मंगळवार गाठण्यासाठी थांबलेल्या अर्जदाराच्या पुढे, शनिवार-रविवारचे अर्ज सोडून दिले तरी, तीन दिवसांचे ७५ अर्ज लागलेले असतात. मुलाखतीच्या जागा भरत आल्या की उरलेले अर्ज उघडलेही जात नाहीत. अशा वेळी अर्ज तयार झाल्यावर वाचणाऱ्याची पुढची बैठक गाठावी, मग ती कोणत्याही वारी असो.

तास ठरला तरी पाठवण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ एकच असेल असे नाही. काही मेल सर्व्हर अनोळखी प्रेषकाचे पहिले पत्र मुद्दाम तात्पुरते नाकारतात. खरा सर्व्हर काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो, तर घाऊक नको असलेले मेल पाठवणारे बहुधा करत नाहीत, या अनुभवावर ही युक्ती आधारलेली आहे. ईमेल वाहतुकीचे मानक पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी सर्वसाधारणपणे किमान ३० मिनिटे थांबण्याची शिफारस करते. प्रत्यक्षात अनेक सर्व्हर लवकर प्रयत्न करतात, पण अर्धा तास हातचा ठेवावा. पोहोचलेल्या मेलच्या मूळ मजकुरात हा विलंब असा दिसतो:

```
Received: from mail.example.org by mx.example.net;
        Tue, 14 May 2024 08:41:12 +0200
Date: Tue, 14 May 2024 08:05:00 +0200
```

खालची वेळ प्रेषकाच्या यंत्राने लिहिलेली आहे आणि वरची मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरने. दोहोंत ३६ मिनिटांचे अंतर आहे. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर चाचणी करून हे अंतर पाहता येते. मात्र त्या खात्याचा सर्व्हर आपल्याला आधीपासून ओळखत असेल, तर विलंब दिसणार नाही. साडेनऊची बैठक गाठायची असेल, तर आठ ते साडेआठच्या दरम्यान पाठवणे मला योग्य वाटते.

याच ओळींच्या शेवटी असलेला `+0200` हा आकडा, म्हणजे ते घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या दोन तास पुढे असल्याची नोंद, आणखी एका चुकीकडे लक्ष वेधतो. ठरावीक वेळी मेल पाठवण्याची सोय सहसा पाठवणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे चालते, त्यामुळे परदेशी पाठवताना वेळ स्वतः बदलून घ्यावी लागते. युरोप आणि अमेरिकेत उन्हाळी वेळ वेगवेगळ्या रविवारी सुरू होते, म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे त्यांच्यातील नेहमीचे अंतर एका तासाने बदललेले असते. सौदी अरेबियात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असल्याने आपल्या उदाहरणातील सोमवार तिथे रविवारी येतो.

वाचणारी व्यक्ती रजेवर असल्याची आपोआप पोच आली, तर अर्ज परतीच्या दिवसापर्यंत खोल जाणार, हे लगेच समजावे. परतीच्या पहिल्या सकाळी बहुतेकांचे लक्ष अडलेल्या कामांकडे असते, म्हणून दुसऱ्या कामाच्या दिवशी, बैठकीच्या आधी, मूळ अर्जालाच जोडून दोन ओळींचा मेल पाठवावा. संभाषण एकत्र दाखवणाऱ्या इनबॉक्समध्ये नवा मेल आला की संपूर्ण संभाषण वर सरकते, आणि तळाशी गेलेला मूळ अर्ज जोडपत्रांसह पुन्हा वरच्या ओळींत दिसू लागतो.