डोनट उशी (मूळव्याध)

डोनट उशी म्हणजे मध्ये भोक असलेली, कड्यासारखी गोल बैठकीची उशी. ती हवा भरायच्या रबराची असते किंवा फोमची. नागपुरात ‘मेडिकल’च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरातील औषध दुकानांत ती ‘एअर रिंग’ किंवा नुसती ‘रिंग’ म्हणून मागितली जाते. दुखरी जागा भोकावर अधांतरी राहिली की तिच्यावर भार येणार नाही, अशी तिच्यामागची कल्पना आहे. ही कल्पना अर्धीच खरी आहे.

बसल्यावर शरीराचा भार मुख्यतः नितंबांखालच्या दोन हाडांवर, बैठकीच्या हाडांवर, यायला हवा. गुदद्वार या दोन हाडांच्या मधोमध आणि थोडे मागे असते. सपाट, जरा कडक बैठकीवर ही हाडे भार पेलतात आणि मधल्या भागावर तुलनेने कमी दाब येतो. कड्यावर बसले की भार कड्याच्या काठावर जातो. काठाचे क्षेत्रफळ कमी, म्हणून तिथला दाब जास्त. मधल्या भागाला खालून आधार उरत नाही. तो भोकात लोंबतो आणि नितंब बाजूंना ताणले जातात. भोवतीच्या दाबामुळे शिरांतून वर परतणारे रक्त काहीसे अडते आणि आधीच सुजलेल्या भागात सूज साचते. याच कारणाने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या दाबव्रणांसाठी कड्याच्या आकाराची साधने वापरू नयेत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मूळव्याधीत रिंग वापरू नका, हा इशारा मुख्यतः तिथून उसना घेतलेला आहे. त्यामागचे तर्कशास्त्र मात्र इथेही लागू पडते. कमोडची सीट हेही एक कडेच असते. मोबाइल घेऊन तिच्यावर अर्धा तास बसू नका, असे डॉक्टर सांगतात तेही याच कारणासाठी.

ही उशी कोणत्या मूळव्याधीला उपयोगी, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. आतल्या मूळव्याधीच्या जागी वेदना जाणवणाऱ्या नसा जवळजवळ नसतात. तिथून रक्त पडते, कोंब बाहेर येतो, पण सहसा दुखत नाही. त्यामुळे अशा रुग्णाला उशीचे काहीच काम नसते. खरे दुखते ते बाहेरच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली की. गुदद्वाराच्या कडेला निळसर, ताठ, वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ अचानक येते. पहिले दोन-तीन दिवस ती सर्वांत जास्त ठणकते आणि मग एक-दोन आठवड्यांत ओसरते. गाठीला काही टेकले की कळ येते, म्हणून याच दोन-तीन दिवसांत कड्याचा थोडा वेळ उपयोग होतो.

इतवारीतल्या घाऊक दुकानातील मुनीम हे उदाहरण घेऊ. जमिनीवरच्या गादीवर मांडी घालून दिवसभर वह्या सांभाळायच्या, ग्राहक असेपर्यंत उठायचे नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, पाणी कमी प्यायलेले, शौचाला खडा. जोर लावल्यानंतर दुसऱ्या दिवशी गाठ दिसते. घरचे एअर रिंग आणतात आणि तोंडाने फुगवून टणक करतात. सकाळी बरे वाटते, कारण गाठीला काहीच टेकत नाही. दुपारनंतर खालच्या भागात ओढ आणि जडपणा येतो. संध्याकाळी गाठ सकाळपेक्षा ताठ लागते आणि नितंबांवर काठाचे लाल वळ उमटलेले असतात. मूळव्याध वाढली, असा सगळ्यांचा समज होतो. खरे तर चुकली असते ती हवा आणि बसण्याची वेळ.

अशा वेळी हवा अर्ध्यावर आणावी. बसल्यावर गाठ जेमतेम टेकणार नाही, एवढी उंची पुरे. एका बैठकीला साधारण वीस मिनिटे, मग उठून चार पावले चालायचे. दुपारी दुकान जरा शांत झाले की कुशीवर आडवे व्हायचे, कारण आडवे झाल्यावर त्या शिरांवरचा रक्ताचा भार कमी होतो. मांडी घालून बसण्याऐवजी खुर्ची घ्यावी. काठाचे वळ अर्ध्या तासात गेले नाहीत किंवा सकाळी सैल असलेली गाठ रिंगवरून उठल्यावर ताठ लागली, तर रिंग बाजूला ठेवावी.

मऊ सोफा हा बहुतेकांना सुचणारा पर्याय आणखी वाईट. फार मऊ बैठकीत हाडे खोल रुततात आणि मधला भाग खालून वर दाबला जातो. म्हणजे ज्या जागेला जपायचे तिच्यावरच गादी चढते. तपासण्याची सोपी पद्धत अशी: उशीवर बसल्यावर कोणालातरी हाडाच्या बरोबर खाली, उशी आणि खुर्चीच्या मध्ये, तळहात सरकवायला सांगावे. हाड थेट हाताला लागत असेल तर उशी पूर्ण चेपली आहे. वर दोन-तीन सेंटिमीटर फोम उरायला हवा. सात-आठ सेंटिमीटर जाडीचा, घट्ट, सपाट फोम बहुतेकांना पुरतो. मागच्या बाजूला उघडी खाच असलेली ‘यू’ आकाराची उशीही मिळते. ती मुळात माकडहाडासाठी बनवलेली आहे, पण भोवतीचे कडे पूर्ण नसल्याने आणि हाडांखाली आधार राहत असल्याने बाहेरच्या गाठीसाठी तीच अधिक बरी.

नागपूरच्या उन्हाळ्यात रेक्झिनच्या किंवा रबराच्या कव्हरखाली घाम साचतो, त्वचा ओलसर राहून खाज सुटते आणि ती मूळव्याधीची वाटते. वर सुती कापड घालून ते रोज बदलावे. स्कूटीच्या सीटवर रिंग बांधू नये. ती सरकते, आणि गाडी चालवताना मध्येच नीट करायची वस्तू ती नव्हे.

उशीने गुठळी विरघळत नाही. वेदना कमी करण्यात मोठा वाटा असतो तो कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे बसण्याचा आणि शौच मऊ ठेवण्याचा. इसबगोल पुरेशा पाण्याबरोबरच घ्यावे. कमी पाण्यात ते उलट अडवते. टब कमोडवर बसवायचा असला तर पंधरा मिनिटांनंतर उठावे, कारण तेही कडेच आहे.

दुखण्याची तऱ्हा पाहून आजाराचा अंदाज येतो. शौचाच्या वेळी चिरल्यासारखे दुखून पुढे तास-दोन तास आग होत असेल, तर ती बहुधा मूळव्याध नव्हे, गुदद्वाराची चीर म्हणजे फिशर असते. तिला कोणत्याही उशीने फरक पडत नाही. ठणका रोज वाढत जाऊन ताप येत असेल, तर पू झालेला असू शकतो आणि त्याच दिवशी शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे जावे लागते. गाठ फारच दुखत असेल, तर पहिल्या तीन दिवसांत भूल देऊन ती काढण्याचा पर्याय असतो. त्यानंतर ती आपोआप ओसरायला लागलेली असते, म्हणून सहसा कापली जात नाही. रिंगवर बसून आठवडा घालवणाऱ्याची ही संधी मात्र हातची जाते. रक्त पडत असेल आणि वय चाळिशीच्या पुढे असेल, तर ते मूळव्याधीचेच आहे असे गृहीत न धरता तपासणी करून घ्यावी.