म्युच्युअल सेपरेशन ॲग्रीमेंट (परस्पर संमतीने नोकरी संपवण्याचा करार)

म्युच्युअल सेपरेशन ॲग्रीमेंट म्हणजे कंपनी आणि कर्मचारी दोघांनी मिळून नोकरी अमुक तारखेला संपवायची असं लेखी ठरवणं. त्यात साधारण चार गोष्टी येतात, स्वखुशीने जातोय ही नोंद, किती पैसे मिळणार, काय गुप्त ठेवायचं आणि एकमेकांबद्दल वाईट बोलायचं नाही. लोक फक्त रकमेचा आकडा बघतात आणि सही करून मोकळे होतात, पण ही चार कलमं एकमेकांत अडकलेली असतात आणि घोळ होतो तो तिथेच.

पहिलं कलम स्वखुशीचं. यात बऱ्याच ड्राफ्टमध्ये "कर्मचाऱ्याने वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला" असं सरळ लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात बोलणी कंपनीनेच सुरू केलेली असली तरी. यातला फरक छोटा वाटतो पण काही देशांत बेरोजगारी भत्ता राजीनामा दिलेल्याला मिळत नाही किंवा उशिरा मिळतो, त्यामुळे "दोन्ही पक्षांच्या संमतीने नोकरी अमुक तारखेला संपत आहे" हे जास्त खरं आणि जास्त सेफ. अर्थात भत्ता देणारं ऑफिस शब्दांपेक्षा घडलं काय तेही बघतं. आणि नुसतं "कोणताही दबाव नव्हता" लिहून दबाव नव्हता हे सिद्ध होत नाही, मीटिंगमध्येच कागद पुढे करून आत्ताच्या आत्ता सही कर म्हटलं असेल तर ते वाक्य कोर्टात फार टिकत नाही. म्हणून विचाराला वेळ दिला, वकिलाला दाखवायची मुभा होती हे करारात लिहितात, आणि ते खरंच द्यावंही लागतं. अमेरिकेत 40 किंवा त्याहून जास्त वयाच्या कर्मचाऱ्याला वयावरून भेदभावाचा दावा करण्याचा हक्क करारात सोडायला लावायचा असेल तर विचाराला किमान 21 दिवस आणि सहीनंतर मागे फिरायला 7 दिवस द्यावे लागतात (एकदम एकापेक्षा जास्त जणांना काढत असतील तर 21 चे 45). ब्रिटनमध्ये स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतलेला नसेल तर कायद्याने मिळालेले बहुतेक हक्क करारात सोडताच येत नाहीत.

आता रक्कम, खरी गंमत इथे आहे. समजा महिन्याचा पगार 100 आहे, नोटीस पिरियड 2 महिन्यांचा आणि तो काम न करता पैशात द्यायचा ठरलंय, रजा 15 दिवस शिल्लक आहे आणि कंपनी वरून 3 महिन्यांचा पगार देतेय. मग नोटीसचे 200, रजेचे (महिना 30 दिवसांचा धरून) 50 आणि वरचे 300, एकूण 550. ड्राफ्टमध्ये येतं काय, तर "कर्मचाऱ्याने सर्व दावे सोडल्याबद्दल कंपनी 550 देईल". वाचायला बरं वाटतं, पण यातले 250 तर सही केली नसती आणि कंपनीने काढलं असतं तरी द्यावेच लागले असते, म्हणजे दावे सोडण्याची खरी किंमत फक्त 300 आहे. पुढे गुप्ततेच्या कलमात "भंग झाल्यास करारातील संपूर्ण रक्कम परत करावी लागेल" असं असेल तर एका चुकीच्या पोस्टपायी स्वतःच्या कमाईचे 250 पण धोक्यात येतात. म्हणून तिन्ही रकमा वेगळ्या ओळीत, प्रत्येकीची तारीख आणि टॅक्स कोण कापणार हे लिहून घ्यायचं, आणि परतफेड लावायचीच तर ती फक्त 300 ला लावायची. "लवकरात लवकर" ही तारीख नव्हे, "शेवटच्या दिवसापासून 14 दिवसांत" असं पाहिजे.

गुप्ततेच्या कलमात रक्कम आणि अटी बाहेर सांगायच्या नाहीत असं असतं. तिथे अपवाद लिहिलेले नसले की माणसाने बायकोला किंवा नवऱ्याला सांगितलं तरी कागदोपत्री करार मोडतो. त्यामुळे घरचे, वकील, टॅक्सचा सल्लागार, सरकारी चौकशी, कोर्टाचा आदेश आणि बेकायदा गोष्टीची तक्रार हे सगळं बाहेर ठेवायचं.

निंदा न करण्याचं कलम बहुतेक वेळा एकतर्फी असतं, कर्मचारी कंपनीबद्दल बोलणार नाही, बस. उलट बाजूने मागितलं की कंपनी म्हणते आमचे हजार लोक आहेत, प्रत्येकाच्या तोंडाची हमी कशी देणार, आणि ते खरंही आहे. मधला रस्ता म्हणजे नावानिशी चार-पाच वरिष्ठ आणि एचआर बांधून घ्यायचे: "खालील व्यक्ती कर्मचाऱ्याबद्दल अपमानकारक विधान करणार नाहीत, असं कंपनी बघेल". सोबत रेफरन्सचा मजकूर जोडायचा, पद, तारखा, संमतीने बाहेर पडले, एवढाच. तो जोडलेला नसला तर पुढच्या कंपनीचा फोन आल्यावर एचआर "त्याबद्दल बोलू शकत नाही" म्हणतं, त्याचा अर्थ समोरचा काय घ्यायचा तो घेतो आणि करार मोडला असंही म्हणता येत नाही. खरी साक्ष देणं निंदेत धरायचं नाही हेही स्पष्ट लिहावं. अमेरिकेच्या एनएलआरबी या कामगारांच्या हक्कांवर निवाडा करणाऱ्या सरकारी मंडळाने 2023 मध्ये मॅकलॅरेन मॅकॉम्ब प्रकरणात असं ठरवलं की साध्या कर्मचाऱ्यांना फार व्यापक गुप्तता आणि निंदाबंदीची अट घातलेला करार नुसता ऑफर करणंसुद्धा बेकायदा आहे, मॅनेजर-सुपरवायझर मात्र साधारणपणे त्यात येत नाहीत.