ग्राफिक्स ड्रायव्हरची निवड : नवी आवृत्ती की जुनी स्थिर

ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज यांच्यामध्ये बसून गेमची चित्रे प्रत्यक्ष पडद्यावर आणण्याचे काम करणाऱ्या प्रणालीला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या तिन्ही कंपन्या आपापले ड्रायव्हर वरचेवर नव्याने काढतात. एनव्हिडियाचा ‘गेम रेडी ड्रायव्हर’ तर अनेकदा मोठा गेम बाजारात येण्याच्या एक-दोन दिवस आधी येतो. प्रत्येक वेळी तो टाकायचा, की नीट चाललेली जुनी आवृत्ती तशीच ठेवायची, हा गेम खेळणाऱ्यांपुढचा नेहमीचा प्रश्न. २०२४च्या अखेरीपासून २०२५च्या मध्यापर्यंत एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांचे जे झाले, त्यात या प्रश्नाच्या बहुतेक बाजू दिसतात. म्हणून या नोंदीत मुख्यतः तेच उदाहरण घेतले आहे.

नव्या आवृत्तीत काय असते

ड्रायव्हर म्हणजे नुसता दुभाषा नव्हे. गेम आपले शेडर, म्हणजे प्रकाश, सावली आणि पृष्ठभाग यांचे गणित करणारे छोटे प्रोग्रॅम, अर्धवट तयार अवस्थेत पाठवतो. त्यांचे त्या कार्डाला कळणाऱ्या सूचनांमध्ये रूपांतर करणारा कंपायलर ड्रायव्हरमध्ये असतो. त्याशिवाय शेकडो गेमांची स्वतंत्र प्रोफाइल त्यात साठवलेली असतात. गेमची .exe फाइल ओळखून ड्रायव्हर त्या गेमपुरत्या काही गोष्टी वेगळ्या करतो. नव्या गेमसाठीचा ड्रायव्हर म्हणजे मुख्यतः हे प्रोफाइल, कंपायलरमधल्या दुरुस्त्या आणि कमी बारकाव्याचे चित्र एआयच्या मदतीने मोठे करून गेमचा वेग वाढवणाऱ्या डीएलएसएससारख्या तंत्रांचा आधार.

यातून एक सरळ गोष्ट निघते. तुम्ही तीन वर्षांपूर्वीचाच गेम खेळत असाल, तर कालच्या ड्रायव्हरमध्ये तुमच्यासाठी बहुधा काहीच नसते. अपडेटची लाल खूण दिसली की बटण दाबायचे, ही सवय म्हणूनच फारशी कामाची नाही. उलट नवा गेम पहिल्याच आठवड्यात खेळायचा असेल, तर जुन्या ड्रायव्हरवर तो अडखळण्याची, पोत चुकीचे दिसण्याची किंवा सुरूच न होण्याची शक्यता खरी असते.

566.36 आणि त्यानंतरचे महिने

एनव्हिडियाचे आवृत्ती क्रमांक शाखांमध्ये, म्हणजे एकाच पायावर बांधलेल्या आवृत्त्यांच्या गटांमध्ये येतात. ५ डिसेंबर २०२४ रोजी आलेला 566.36 हा जुन्या शाखेच्या शेवटाकडचा ड्रायव्हर होता. ३० जानेवारी २०२५ रोजी 572.16 आला. आरटीएक्स ५० मालिकेची नवी कार्डे आणि डीएलएसएस ४ एकदम आणणारा हा ड्रायव्हर आतून बराच बदललेला होता. मोठी उडी म्हटली की मोठी जोखीम आलीच. पुढच्या आठवड्यांत पडदा अचानक काळा होणे, गेम मध्येच बंद पडणे, डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर जागा न होणे अशा तक्रारी येत राहिल्या. त्या केवळ नव्या कार्डांपुरत्या नव्हत्या. ३० आणि ४० मालिकेचे वापरकर्तेही त्यांत होते. त्या काळात 566.36वर परत जा, हा सल्ला खेळणारे एकमेकांना देत होते.

एनव्हिडियाने १६ एप्रिलला 576.02 काढला. त्यासोबतची दुरुस्त्यांची यादी नेहमीपेक्षा कितीतरी लांब होती. पण त्यातही एक नवी गडबड निघाली. संगणक स्लीपमधून जागा झाल्यावर तापमान दाखवणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमांना कार्डाचे तापमान मिळेनासे झाले आणि आकडा जागच्या जागी गोठला. ज्यांनी पंख्याचा वेग अशा प्रोग्रॅमवर सोपवला होता, त्यांच्यासाठी हे त्रासदायक होते, कारण कार्ड तापले तरी पंख्याला ते कळत नव्हते. काही दिवसांत 576.15 हा हॉटफिक्स आला आणि त्यात ही चूक सुधारली गेली. हॉटफिक्स म्हणजे मोजक्या दुरुस्त्या घाईने पोचवण्यासाठी काढलेला ड्रायव्हर. त्याची चाचणी पूर्ण ड्रायव्हरइतकी झालेली नसते, म्हणून यादीतली चूक आपल्याला भोवत असेल तरच तो घ्यावा.

या सगळ्यात आरटीएक्स ५०७० किंवा ५०८० घेतलेल्यांना मात्र पर्यायच नव्हता. 566.36 तयार झाला तेव्हा ही कार्डे बाजारात नव्हती, त्यामुळे तो त्यांना ओळखतच नाही. नवे कार्ड घेणाऱ्याने ‘जुना स्थिर ड्रायव्हर’ हा मार्ग पहिले काही महिने विसरलेला बरा.

स्थिर म्हणजे नेमके काय

एनव्हिडियाच्या संकेतस्थळावर ‘स्टुडिओ ड्रायव्हर’ असा दुसरा पर्याय दिसतो आणि तो अधिक स्थिर असतो, असा समज आहे. त्याची चाचणी व्हिडिओ संपादन आणि त्रिमिती चित्रणाच्या सॉफ्टवेअरवर जास्त होते आणि तो कमी वेळा येतो, हे खरे. पण आतला पाया तोच असतो. पडदा काळा होण्याची चूक त्या शाखेतच असेल, तर स्टुडिओ हे नाव तिच्यापासून वाचवत नाही. एएमडीकडे ‘रेकमेंडेड’ आणि ‘ऑप्शनल’ असे शिक्के असतात. नवा गेम खेळायचा नसेल, तर रेकमेंडेडवर राहणे हा तिथला साधा नियम.

एएमडीच्याच बाबतीत ऑक्टोबर २०२३मध्ये एक वेगळाच प्रकार घडला. 23.10.1 या ड्रायव्हरमधली ‘अँटी-लॅग+’ ही सोय गेमच्या आतल्या फाइलींच्या कामात हात घालून उशीर कमी करत असे. काउंटर-स्ट्राइक २च्या फसवणूकविरोधी यंत्रणेला ती छेडछाड वाटली आणि खेळाडूंवर बंदी आली. एएमडीने पुढच्याच आवृत्तीत ती सोय काढून टाकली. ऑनलाइन स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याने नव्या ड्रायव्हरमधली नवी सोय पहिल्याच दिवशी चालू करू नये, असे वाटायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

इंटेलच्या आर्क कार्डांना मात्र जुन्या आवृत्तीवर राहण्याचा सल्ला लागू पडत नाही. २०२२मध्ये ही कार्डे आली तेव्हा डायरेक्टएक्स ९वरचे जुने गेम त्यांवर रडतखडत चालत. पुढच्या काही महिन्यांच्या ड्रायव्हरांनी ते लक्षणीय सुधारले. तिथे जुन्यावर राहण्यात तोटाच होता.

दोष ड्रायव्हरचाच आहे का

आधी आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ते पाहावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियाचा क्रमांक 32.0.15.6636 असा लांबलचक दिसतो. त्यातले शेवटचे पाच अंक घेतले की 566.36 मिळतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये तो सरळ मिळतो:

```
nvidia-smi --query-gpu=name,driver_version --format=csv
```

आता एक प्रसंग धरू. आरटीएक्स ४०६० कार्ड आहे, 566.36वर सगळे सुरळीत होते, 572.16 टाकला आणि गेममध्ये पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येऊ लागला, कधी गेमच बंद पडू लागला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जखाली सिस्टीम हा भाग उघडावा. तिथे ‘Display’ या नावाने 4101 क्रमांकाची नोंद असेल आणि तीत nvlddmkm हे नाव असेल, तर काय झाले ते कळते. विंडोज कार्डाला उत्तर द्यायला मूळ मांडणीत २ सेकंद देते. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर ती ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करते. काळा पडदा म्हणजे हाच मधला वेळ.

पण ही नोंद फक्त कार्ड अडकले एवढेच सांगते, ते का अडकले हे सांगत नाही. ओव्हरक्लॉक केलेले, म्हणजे मूळ घड्याळवेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेले कार्ड, कमकुवत पॉवर सप्लाय, नीट न बसलेली केबल किंवा भर मे महिन्यात बंद खोलीत तापलेला कॅबिनेट, या सगळ्यांतून नेमकी हीच नोंद उमटते. म्हणून आधी घड्याळवेग मूळ जागी आणावा, मग जुना ड्रायव्हर टाकून तोच गेम, त्याच मांडणीत, तितकाच वेळ चालवावा. 566.36वर त्रास थांबला आणि 572.16वर पुन्हा सुरू झाला, तरच बोट ड्रायव्हरकडे दाखवता येते. दोन्हींवर तेच घडत असेल, तर ड्रायव्हर बदलत बसण्यात अर्थ नाही.

वेगाची तुलना करताना आणखी एक सापळा आहे. ड्रायव्हर बदलला की साठवून ठेवलेले तयार शेडर निरुपयोगी होतात आणि गेमला ते नव्याने तयार करावे लागतात. त्यामुळे अपडेटनंतर पहिल्या फेरीत गेम अडखळणारच, मग तो ड्रायव्हर नवा असो वा जुना. ‘नवीन ड्रायव्हरने गेम अडकायला लागला’ अशा तक्रारींतला बराच भाग एवढाच असतो. तोच भाग दोन-तीनदा खेळून झाल्यावरचे आकडे घ्यावेत. शिवाय नुसता सरासरी एफपीएस, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमांचा आकडा, न पाहता सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा आकडाही पाहावा, कारण हाताला जाणवणारी अडखळण तिथेच दिसते.

मागे जाण्याची रीत

डिव्हाइस मॅनेजरमधले ‘Roll Back Driver’ हे बटण आधीचा ड्रायव्हर डिस्कवर शिल्लक असेल तरच चालते, आणि नेमके हवे तेव्हा ते बऱ्याचदा राखाडी पडलेले असते. खात्रीचा मार्ग असा : जुन्या आवृत्तीची फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवावी, इंटरनेट बंद करावे, सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन चालवावे, संगणक पुन्हा सुरू करून जुना ड्रायव्हर टाकावा आणि मगच इंटरनेट जोडावे. इंटरनेट बंद करायला सांगायचे कारण विंडोज अपडेट. ड्रायव्हर नाही असे दिसताच ते स्वतःकडची कुठलीतरी आवृत्ती गुपचूप टाकते आणि अर्ध्यावर दोन ड्रायव्हरांची खिचडी होते.

दर वेळी एवढे करायची गरज नसते. साध्या अपडेटसाठी एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमधला ‘Perform a clean installation’ हा पर्याय पुरतो. त्याने स्वतः केलेली मांडणी मात्र पुसली जाते. लॅपटॉपवर अधिक जपावे लागते. तिथे प्रोसेसरमधले ग्राफिक्स आणि वेगळे कार्ड आळीपाळीने काम करतात, त्यामुळे काही गडबड झाली तर लॅपटॉप कंपनीने दिलेला ड्रायव्हर हा परतीचा टप्पा म्हणून हाताशी असावा.

जुन्यावर किती दिवस राहावे

ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतो. त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी कंपन्या वेळोवेळी जाहीर करतात आणि त्या नव्या आवृत्तीतच बुजवलेल्या असतात. म्हणून जुनी आवृत्ती काही महिने ठेवायला हरकत नाही, पण ती कायमची सोय मानू नये. नव्या शाखेच्या दोन-तीन आवृत्त्या येऊ द्याव्यात, त्यांच्या रिलीज नोट्समधली ज्ञात दोषांची यादी वाचावी, आणि आपला गेम किंवा आपल्या मालिकेचे कार्ड तीत नसेल तेव्हा पुढे सरकावे.

भारतात अजूनही पुष्कळ घरांत असलेल्या जीटीएक्स १०५० टीआय, १०६० यांसारख्या पास्कल या जुन्या पिढीच्या कार्डांपुरता हा प्रश्न आता मिटल्यात जमा आहे. एनव्हिडियाने जाहीर केल्याप्रमाणे त्यांच्यासाठीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२८पर्यंत त्यांना दर तिमाहीला केवळ सुरक्षेचे अपडेट मिळतील. त्यांत नव्या गेमसाठी काही नसल्याने या कार्डांवर ते बिनघोर टाकावेत.