डिलीट झालेली फाइल आणि ओव्हरराइट झालेली फाइल: दोन्हींना ‘गेली’ म्हणू नका

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. कॅमेऱ्यात एक फोटो डिलीट करायला गेली आणि ‘सगळे डिलीट करा’वर बोट पडलं. आठ दिवसांच्या प्रवासाचे २१४ फोटो एका क्षणात दिसेनासे झाले. मी पहिला प्रश्न विचारला, “त्यानंतर त्या कार्डावर काही केलंस का?”

“काही नाही गं ताई. फक्त एक फोटो काढून बघितला, कार्ड चालतंय का ते.”

तो एक फोटो काढला नसता तर बरं झालं असतं. का, ते समजण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. फाइल डिलीट होणं ही एक गोष्ट, आणि तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाणं, म्हणजे ओव्हरराइट होणं, ही दुसरी. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्ही वेळा फाइल यादीत नसते. पण पहिल्या प्रकारात फाइल बहुतेक वेळा जागच्या जागी शाबूत असते. दुसऱ्या प्रकारात ती खरोखर संपलेली असते आणि कुठलंही सॉफ्टवेअर तिला परत आणू शकत नाही.

तिच्या कार्डाचंच उदाहरण घेऊ. ३२ जीबीपर्यंतची मेमरी कार्डं सहसा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात. या पद्धतीत कार्डाची जागा छोट्या-छोट्या सारख्या तुकड्यांत वाटलेली असते. त्या तुकड्यांना क्लस्टर म्हणतात, आणि तिच्या कार्डावर एक क्लस्टर ३२ केबीचा होता. प्रत्येक फाइलसाठी फोल्डरमध्ये ३२ बाइटची एक नोंद असते, त्यात नाव, आकार आणि पहिला क्लस्टर कोणता हे लिहिलेलं असतं. पहिल्यानंतर दुसरा कोणता, तिसरा कोणता, ही साखळी वेगळ्या तक्त्यात असते. त्या तक्त्यालाच फॅट म्हणतात.

फोटो डिलीट केला की कॅमेरा दोनच कामं करतो. नोंदीतल्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथे E5 हा बाइट ठेवतो. त्याचा अर्थ, ‘ही ओळ आता रिकामी समजा’. आणि तक्त्यातली त्या फोटोची साखळी शून्य करतो, म्हणजे ते क्लस्टर वापरायला मोकळे झाले. फोटो ज्या क्लस्टरांमध्ये आहे त्यांना तो हातही लावत नाही. म्हणून तर ६ एमबीचा फोटो काढताना कार्डाला थोडा वेळ लागतो आणि शेकडो फोटो डिलीट करायला जवळजवळ काहीच लागत नाही. क्विक फॉरमॅटही याच जातीचा असतो, तो नवे कोरे तक्ते मांडतो आणि बाकीचं जवळपास सगळं तसंच ठेवतो. विंडोजमधला पूर्ण फॉरमॅट मात्र व्हिस्टापासून सगळ्या जागेवर शून्यं लिहितो, आणि ते थेट दुसऱ्या प्रकारात मोडतं.

आता तो एक फोटो. सोयीसाठी आकडे गोल करतो. प्रवासाचा पहिला फोटो ६ एमबीचा, म्हणजे १९२ क्लस्टर. समजा तो ५००० ते ५१९१ या क्लस्टरांत होता. दुसराही तेवढाच, ५१९२ ते ५३८३. तिसरा ५३८४ पासून पुढे. कार्ड प्रवासाआधी कोरं केलेलं असल्यामुळे सगळे फोटो असे एकापुढे एक ओळीने बसले होते. डिलीटनंतर ही सगळी रांग कॅमेऱ्याच्या लेखी मोकळी झाली. तपासायला काढलेला फोटो ७ एमबीचा होता, म्हणजे २२४ क्लस्टर. कॅमेऱ्याने तो पहिल्या मोकळ्या जागेपासून लिहायला सुरुवात केली आणि तो ५००० ते ५२२३ एवढ्यात बसला.

पहिला फोटो पूर्णपणे गेला. दुसऱ्याचे सुरुवातीचे ३२ क्लस्टर, म्हणजे नेमका १ एमबी गेला. त्याचा उरलेला ५ एमबी कार्डावर अजून आहे, पण उपयोगाचा नाही, कारण जेपेग फाइल ओळखू येते ती तिच्या सुरुवातीच्या FF D8 FF या बाइटांवरून, आणि चित्र उलगडायला लागणारे तक्तेही सुरुवातीलाच असतात. डोकं गेलं की धड ओळखू येत नाही. शेपूट गेलं असतं तर निदान फोटोचा वरचा भाग दिसला असता आणि खाली करडा पट्टा आला असता. तिसऱ्यापासून २१४व्यापर्यंत सगळे मात्र जसेच्या तसे होते.

लक्षात घ्या, एका फोटोने दोन फोटोंचं नुकसान केलं. तिने तपासणीसाठी असे दहा फोटो काढले असते तर बारा गेले असते. आणि ‘कार्ड तर जवळजवळ रिकामंच आहे, नवं काही दुसऱ्या कोपऱ्यात जाईल’ हा भरवसाही धरता येत नाही. नवी फाइल कुठे बसणार हे आपल्या हातात नसतं.

म्हणून पहिलं काम एकच: लिहिणं थांबवा, त्याच क्षणी. कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढा. एसडी कार्डाच्या कडेला एक छोटी सरकपट्टी असते ती लॉककडे सरकवा. ती पट्टी फक्त रीडरला इशारा देते, स्वतः काही अडवत नाही. बहुतेक रीडर तो इशारा मानतात. हे का करायचं? कारण कार्ड संगणकाला नुसतं लावलं तरी लिहिणं सुरू होऊ शकतं. विंडोज त्यावर System Volume Information नावाचं फोल्डर बनवतं, मॅक .Spotlight-V100 आणि .fseventsd टाकतो. आपण काहीच केलेलं नसतं, तरी लिहिलं जातं.

त्यानंतर थेट कार्डावर शोधाशोध करायची नाही. आधी पूर्ण कार्डाची बिट-बिट नक्कल एका फाइलमध्ये घ्यायची आणि पुढचं सगळं त्या नकलेवर करायचं. नकलेसाठी दुसऱ्या ड्राइव्हवर कार्डाएवढी, म्हणजे इथे ३२ जीबी, मोकळी जागा हवी. लिनक्सवर मी हे असं केलं:

```
lsblk
sudo ddrescue /dev/sdb card.img card.map
photorec card.img
```

पहिल्या ओळीत कार्डाला कोणतं नाव मिळालंय ते आकारावरून ओळखायचं. तुमच्याकडे sdb ऐवजी दुसरं काही असेल. दुसऱ्या ओळीत क्रम जपायचा, आधी जिथून वाचायचं ते, मग जिथे लिहायचं ते. नक्कल घेणाऱ्या `dd` या दुसऱ्या आदेशात if= (वाचायचं) आणि of= (लिहायचं) यांची अदलाबदल झाली तर मोकळी झालेलीच नव्हे, सगळीच जागा ओव्हरराइट होऊ शकते. `ddrescue` निदान थेट ड्राइव्हवर लिहायला स्पष्ट परवानगीशिवाय तयार होत नाही, म्हणून मी तेच वापरते. बाहेर काढलेल्या फाइलीही त्या कार्डावर ठेवायच्या नाहीत, नाहीतर पहिली सापडलेली फाइल न सापडलेल्या दहाव्या फाइलीवर जाऊन बसायची.

तिसऱ्या ओळीतलं PhotoRec हे गेलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर फाइलीची नावं बघतच नाही. ते क्लस्टरांमधून FF D8 FF सारख्या खुणा शोधत जातं. त्यामुळे फोटो f0640512.jpg अशा नावांनी मिळतात, त्यातला आकडा म्हणजे सेक्टरचा, म्हणजे क्लस्टरहूनही छोट्या तुकड्याचा, क्रमांक. काढल्याची तारीख फोटोच्या आतच असते, त्यामुळे नंतर क्रमवार लावता येतात. दुसरी रीत म्हणजे TestDisk सारख्या साधनाने जुन्या नोंदी वाचणं. त्यात नावंही परत येतात, फक्त IMG_0002.JPG चं _MG_0002.JPG झालेलं असतं, कारण पहिलं अक्षर E5 ने खाल्लेलं.

डिलीट आणि ओव्हरराइट यांतला फरक इथे अगदी डोळ्यांना दिसतो. बहिणीचा दुसरा फोटो नोंदीवरून काढला तर नाव बरोबर, आकार बरोबर, पण उघडेना. कारण नोंद सांगते त्या ५१९२ क्रमांकाच्या क्लस्टरपासून आता तपासणीच्या फोटोचं शेपूट आहे. तुमच्याकडेही नाव आणि आकार ठीक असलेली फाइल उघडत नसेल, किंवा उघडल्यावर भलतंच चित्र दिसत असेल, तर ती ओव्हरराइट झाली आहे असं धरून चाला. आणखी चार सॉफ्टवेअर विकत घेऊन त्यात फरक पडत नाही.

अपवाद मोठ्या व्हिडिओंचा. ते अनेकदा कार्डावर तुकड्यातुकड्यांत विखुरलेले असतात, आणि साखळी पुसली गेल्यावर तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे हे कळत नाही. असा व्हिडिओ ओव्हरराइट झालेला नसतानाही अर्धवट येऊ शकतो.

कार्ड बाहेर काढता येतं. पण फाइल लॅपटॉपच्या मुख्य ड्राइव्हवरून गेली असेल तर लिहिणं थांबवणं फार अवघड, कारण चालू यंत्रणा सतत काहीतरी लिहीत असते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची सहसा १ केबीची नोंद एका मुख्य तक्त्यात असते. डिलीट झाल्यावर ती नोंद मोकळी ठरते आणि पुढच्या एखाद्या नव्या फाइलीला दिली जाते. उपाय शोधायला त्याच लॅपटॉपवर ब्राउझर उघडला की तो शेकडो बारक्या फाइली तयार करतो. त्यामुळे डेटा शाबूत असूनही त्याचा पत्ता हरवू शकतो. सॉफ्टवेअर डाउनलोड करून त्याच ड्राइव्हवर बसवणं तर त्याहून वाईट. अशा वेळी मी पॉवरचं बटण दाबून धरते आणि लॅपटॉप तसाच बंद करते. रीतसर शटडाउन करताना लॉग लिहिले जातात, कधी अपडेटही बसतात. मग पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सने सुरू करून वरचीच नक्कल, वेगळ्या डिस्कवर.

ड्राइव्ह एसएसडी असेल तर मात्र आशा कमी. तिथे फाइल डिलीट झाली की विंडोज लगेच ट्रिम हा आदेश पाठवतं: ‘हे ब्लॉक आता नको आहेत’. त्यानंतर तो भाग वाचायला गेलं तर बहुतेक ड्राइव्ह सरळ शून्यं देतात. म्हणजे कुणी काही लिहिलेलं नसतानाही निकाल ओव्हरराइटसारखाच. ट्रिम चालू आहे का हे विंडोजमध्ये असं कळतं:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

उत्तर ० आलं तर ट्रिम चालू. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये ट्रिम सहसा आठवड्यातून एकदाच चालतो, म्हणून तिथे यंत्र ताबडतोब बंद केलं तर फाइल मिळायची शक्यता उरते.

बहिणीच्या कार्डाची नक्कल व्हायला अर्धा तास लागला. २१२ फोटो आले. पहिला फोटो प्रवासाला निघतानाचा होता, आई दारात उभी राहून हात हलवत होती. तो मिळाला नाही.